काजू कोणाच्या वाटीत?

रमजान, दिवाळी, गणपती जवळ आले की फरसाण-चिवड्याच्या जाहिरातीही येतात, आणि त्यातल्या बऱ्याच एकाच साच्यातल्या असतात. दिव्यांची माळ, पांढऱ्या केसांची आजी, धावत येणारं नातवंड, मंद संगीत, मिठी, डोळ्यांत पाणी आणि शेवटी ‘नात्यांची चव’ असं काहीतरी. मुलाच्या डोक्यावरची टोपी काढून हातात आकाशकंदील दिला तरी तीच जाहिरात दिवाळीला चालते. जी गोष्ट कुठल्याही सणाला चालते ती कुणाचीच आठवण नसते, एवढी एक कसोटी संहिता लिहिणाऱ्याला पुरेशी आहे.

मुसलमान घर दाखवताना हा साचा आणखी घट्ट होतो. २०१९ च्या होळीत सर्फ एक्सेलची जाहिरात गाजली. सायकलवरची मुलगी सगळ्यांचे रंग स्वतःवर झेलते आणि पांढरा कुर्ता घातलेल्या मित्राला नमाजसाठी मशिदीपाशी सोडते. त्यावरून नको तेवढा गदारोळ झाला. जाहिरातीचा हेतू चांगलाच होता. पण त्यातली मुलगी खोडकर, हुशार, जिवंत आहे, तर मुलाला स्वच्छ राहण्यापलीकडे फारसं कामच नाही. सलोख्याचा धडा देण्यासाठी आणलेलं मूल हट्ट करत नाही, लबाडी करत नाही. खऱ्या घरातलं मूल दोन्ही करतं.

तीस सेकंदांची चिवड्याची जाहिरात लिहायची आहे असं धरू. आठवण १९९८ ची. पहिला प्रश्न भावनेचा नाही, ऋतूचा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९८ मध्ये तो जानेवारीत होता. म्हणजे इफ्तारच्या ताटात कलिंगड दाखवलं की ती आठवण कॅलेंडर न बघता लिहिली हे उघड होतं. त्या मुलाच्या अंगात स्वेटर हवा आणि खिडकीबाहेर लवकर पडणारा अंधार.

मुलगा सात वर्षांचा. घरच्यांनी त्याला दुपारपर्यंतचाच रोजा ठेवू दिला आहे. तो केव्हाच सुटला, तरी भोंग्याची वाट सगळ्यांत जास्त तोच बघतो आहे. दस्तरखानावर वाट्या मांडायचं काम त्याच्याकडे. कागदाच्या पुडीतला पातळ पोह्यांचा चिवडा तो वाट्यांत घालतो आणि घालता घालता काजू तेवढे निवडून एकाच वाटीत टाकतो. ती वाटी स्वतःच्या जागेपुढे ठेवतो, वरून चिमूटभर पोहे पसरतो. दादी तसबीह ओढत बसलेली असते. भोंगा वाजतो. सगळे आधी खजूर उचलतात, पाणी पितात. मुलगा वाटीकडे हात नेतो, तर दादीने ती आपल्याकडे ओढलेली असते आणि स्वतःची त्याच्यापुढे सरकवलेली. ती शांतपणे एक काजू तोंडात टाकते. मुलाचा चेहरा पडतो. संपलं.

यात मिठी नाही, उपदेश नाही, आणि ‘आमचा चिवडा चांगला’ असं कुणी म्हणत नाही. तरी चिवडा काढला तर गोष्ट उरत नाही, कारण भांडण त्याच्यासाठीच आहे. माल कथेत बसला की नाही, हे असं कळतं. पाच-सहा दृश्यांत सगळं दिसतं, म्हणून मोबाइलचा आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही समजतं. पंधरा सेकंदांत कापायची झाली तर काजू निवडणं, भोंगा आणि वाटीची अदलाबदल एवढ्यावर ती उभी राहते. खजुराचं दृश्य मात्र कापता येणार नाही. भोंग्याबरोबर थेट चिवडा तोंडात गेला, तर ज्यांच्या घरची गोष्ट सांगितली तेच आधी हसतील.

अडचण येते ती मालकाकडून. पहिल्या दृश्यापासून आपलं चकचकीत पाकीट दिसावं, असा त्याचा आग्रह असतो. पण ब्रँड दहा वर्षांचा असेल, तर १९९८ च्या घरात ते पाकीट येणार कुठून? इथे नमतं घेतलं की बाकीची सगळी मेहनत वाया जाते. लोकांच्या बालपणात घुसून आपण तिथे होतो असं सांगणं ही लहानशी का होईना, लबाडीच आहे. पाकीट शेवटच्या दृश्यात यावं, आजच्या तारखेत: तोच मुलगा, आता पस्तिशीचा, आपल्या मुलीला वाट्या भरताना बघतो आहे आणि तिच्या वाटीवर त्याची नजर आहे. त्याने काही बोलायची गरज नाही.

हे बघून कुणाला शेजारधर्म आठवणार नाही कदाचित. पण दिवाळीच्या फराळात डब्यातले काजू वेचून खाल्लेल्या कुणालाही तो मुलगा आपलाच वाटेल, आणि सलोख्याचं वाक्य न म्हणताही ते काम होऊन जाईल.