अक्षर मोठे, अडचण तीच

केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पात्र दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. एखाद्या शाळेने सराव परीक्षेतही ती दिली, तरी प्रश्नपत्रिकेचे काय?

ए-फोर कागद झेरॉक्सवर ए-थ्री केला की १० पॉइंटचे अक्षर जेमतेम १४ होते. अल्पदृष्टीच्या मुलांसाठी साधारण १८ धरतात. वर तो अवाढव्य कागद बाकावर मावत नाही! त्यापेक्षा मजकूर नव्याने जुळवावा, प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीवर घ्यावा.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ‘कोणते विधान चूक नाही?’ विचारले, तर विज्ञानाऐवजी वाचनच तपासले जाते. ‘बरोबर विधान निवडा’ पुरे.

नकाशात नर्मदा दाखवण्याऐवजी ती कोणत्या समुद्राला मिळते, हे दृष्टिबाधितांना विचारता येते. गुण मात्र तेवढेच ठेवावेत.