थर्मोकोलचा अणू, राजम्याचा अणू

सुट्टी संपवून कॅडेट परत येतात तेव्हा नववीतल्या काहींच्या ट्रंकेसोबत एक खोकाही जपून आणलेला असतो. त्यात थर्मोकोलचा अणू असतो. मधोमध लाल-निळ्या गोळ्या, भोवती तारेची कडी आणि कड्यांवर घट्ट चिकटवलेले मणी. बहुतेक वेळा कडी आईने वाकवलेली आणि रंग ताईने दिलेला असतो, हे पाहताक्षणी कळते. प्रदर्शन झाले की तो अणू प्रयोगशाळेच्या कपाटावर जातो आणि वर्षभर धूळ खातो.

माझे मत स्पष्ट सांगतो. हे मॉडेल सुट्टीचा गृहपाठ म्हणून देणे आपण थांबवावे. अणू वर्गातच बांधावा आणि तो मोजता येतील, उचलता येतील अशा दाण्यांनी बांधावा. नववीतली संयुजा, म्हणजे तुमची व्हॅलन्सी, इलेक्ट्रॉनच्या देण्याघेण्यावर उभी आहे आणि चिकटवलेला मणी कोणाला देता येत नाही.

मी काय करतो ते सांगतो. चार कॅडेटांच्या गटाला एक पुठ्ठा. त्यावर मधे एक छोटी वाटी आणि भोवती चार वर्तुळे: के, एल, एम, एन ही कवचे. प्रोटॉनसाठी राजमा, न्यूट्रॉनसाठी काबुली चणे. इलेक्ट्रॉनसाठी पहिल्या वर्षी मोहरी घेतली होती, ती सगळी घरंगळून बाकाखाली गेली. आता अख्खा मसूर वापरतो, तो चपटा असल्याने जागेवर राहतो. सामान मेसमधूनच मिळते.

हायड्रोजनपासून सुरुवात करायची. वाटीत एक राजमा, के कवचात एक मसूर. पुढे प्रत्येक पायरीला वाटीत एक राजमा आणि बाहेर एक मसूर वाढवायचा. (चणे प्रत्येक मूलद्रव्याला वेगळे पडतात, ते फळ्यावरून घ्यायचे.) तिसऱ्या मसुराला के कवचात जागा उरत नाही, म्हणून लिथिअमला एल कवच उघडावे लागते. अकराव्या मसुराला एलमध्येही जागा नसते. तो एममध्ये एकटा जातो आणि सोडिअम तयार होते: २, ८, १. शेजारचा गट तोपर्यंत क्लोरीनपाशी पोचलेला असतो: २, ८, ७.

आता सोडिअमवाल्यांनी बाहेरचा एकटा मसूर उचलून क्लोरीनच्या पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि दोन्ही गटांनी पुन्हा मोजायचे. इकडे राजमे अकरा, मसूर दहा. म्हणजे एक धन प्रभार. तिकडे राजमे सतरा, मसूर अठरा. म्हणजे एक ऋण प्रभार. ‘सोडिअमची संयुजा एक’ हे वाक्य पाठ असलेल्या मुलाला ती एक कशाची, हे अनेकदा इथे पहिल्यांदा दिसते.

चुकाही इथेच उघड्या पडतात. दरवर्षी एखादा गट अणूला धन करण्यासाठी मसूर काढण्याऐवजी वाटीत एक राजमा वाढवतो. धन म्हणजे अधिक, अधिक म्हणजे काहीतरी वाढवायचे, असा त्याचा हिशेब असतो. मी रागावत नाही, एवढेच विचारतो, ‘आता हे मूलद्रव्य कोणते?’ वाटीत बारा राजमे म्हणजे मॅग्नेशिअम. सोडिअम राहिलेच नाही. राजमा बदलला की मूलद्रव्य बदलते, मसूर बदलला की फक्त प्रभार बदलतो. याच जागी मी हेन्री मोसले या तरुणाची गोष्ट सांगतो. मूलद्रव्याची ओळख केंद्रकाच्या प्रभारावरून ठरते, हे त्याने १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९१५ मध्ये, गॅलिपोलीच्या आघाडीवर सिग्नल अधिकारी म्हणून काम करताना तो मारला गेला. वय सत्तावीस. तेवढ्यापुरता वर्ग शांत होतो.

कवचांच्या आकृतीला माझा विरोध नाही. परीक्षेत तीच काढायची आहे आणि ती दोन मिनिटांत होते. पण तिच्यातली एक पळवाट बघा. निऑनचा अणू आणि सोडिअमचा धन आयन यांची वर्तुळे काढा. दोन्हींत २ आणि ८, आकृती हुबेहूब तीच. फरक आहे तो मधल्या वाटीत, एकीकडे दहा राजमे आणि दुसरीकडे अकरा. मधे नुसता ठिपका काढून मोकळे होणाऱ्या कॅडेटला हा फरक कधी दिसतच नाही. म्हणून केंद्रकात प्रोटॉनचा आकडा नसलेली आकृती मी अपुरी धरतो आणि अर्धा गुण कापतो. यावरून माझ्याबद्दल तक्रारी झाल्या आहेत, तरी मी कापत राहणार.

खरी कसोटी पोटॅशिअमला लागते. पुस्तकातला तक्ता आर्गॉनपाशी, अठरावर थांबतो. पण कोणीतरी एकोणिसावा मसूर हातात घेतोच आणि विचारतो, ‘सर, 2n² प्रमाणे एम कवचात अठरा मावतात. आठच भरलेत. मग हा एनमध्ये का?’ पूर्वी मी ‘बाह्यतम कवचात आठपेक्षा जास्त नसतात, नियम आहे’ असे सांगून पुढे जात असे. ते उत्तर नव्हते. त्या मुलाला बरोबर दिसलेली अडचण मी झाकत होतो.

आता पुरावा आधी सांगतो. पोटॅशिअम पाण्याशी सोडिअमसारखेच वागते, फक्त जास्त जोरात. क्लोरीनशी तेही एकास एक जुळते. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे सातपट दुसऱ्याला लागते. म्हणजे एक इलेक्ट्रॉन खरोखरच बाहेर एकटा आहे. मग कारण: एम कवचाच्या आत उपकवचे आहेत आणि एनमधले सर्वांत खालचे उपकवच एममधल्या उरलेल्या जागेच्या आधी भरते. ते अकरावीत शिकाल. कॅल्शिअम २, ८, ८, २ होते. एकविसाव्या स्कँडिअमला मात्र मुले २, ८, ८, ३ मांडतात आणि खरी मांडणी २, ८, ९, २ अशी आहे. मसूर पुन्हा आतल्या कवचात गेला. आपला पुठ्ठा इथे चुकतो, आणि तो कुठे चुकतो हे मुलांनी स्वतःच्या हाताने गाठलेले असते.

पुठ्ठा आणखी एका बाबतीत फसवतो, ती म्हणजे अंतरे. त्यासाठी तास संपता संपता एकदा मैदानावर जावे. अणू केंद्रकापेक्षा ढोबळमानाने लाखपट मोठा असतो. दोन मिलिमीटरची मोहरी केंद्रक म्हणून परेड ग्राउंडच्या मधोमध ठेवली, तर अणूची कड शंभर मीटरवर येते, म्हणजे शर्यतीच्या दोरीपाशी. मधे कडी नाहीत, तारा नाहीत. वर्तुळे ऊर्जेच्या पातळ्या दाखवतात, धावायचे ट्रॅक नव्हेत.

या सगळ्याला दोन तासिका जातात आणि अभ्यासक्रम मागे पडतो, असे माझे काही सहकारी म्हणतात. ते खरे आहे. मी त्या दोन तासिका आयनांच्या सूत्रांच्या सरावातून घेतो, कारण पुठ्ठ्यावर देवाणघेवाण केलेल्या वर्गाला तो सराव कमी लागतो. पालकांना एवढीच विनंती, की येत्या सुट्टीत थर्मोकोल आणू नका. आणि हो, मोजून झालेले दाणे मेसमध्ये परत जात नाहीत. ते डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून, प्रयोगशाळेतच ठेवलेले आहेत.