स्क्रीनवरचा १९.६

आमच्या शाळेचे अंतर जाऊन-येऊन ६४ किलोमीटर. आम्ही चौघी शिक्षिका आपांच्या गाडीने जातो आणि पेट्रोलचा खर्च चार ठिकाणी वाटून घेतो. हिशेब सोपा होता. महिन्याचे किलोमीटर घ्यायचे आणि गाडीच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या ॲव्हरेजने भागायचे. स्क्रीन म्हणायची १९.६. आपांनी कधी तक्रार केली नाही, पण एकदा सहज म्हणाल्या, "अगं, पंपावर माझे पैसे जास्त जातात असं वाटतं." गणित शिकवणाऱ्या आम्ही, हे ऐकून गप्प कशा बसणार?

मग फुल टँक ते फुल टँक मोजायचे ठरले. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरली, ट्रिप मीटर शून्यावर आणला. पुढच्या प्रत्येक वेळी तसेच भरून किलोमीटर आणि पावतीवरचे लिटर वहीत लिहिले. पहिल्या वेळी ४३६ किलोमीटरला २३.१ लिटर, म्हणजे १८.९. दुसऱ्या वेळी ४२८ ला २५.४, म्हणजे १६.९. आपा घाबरल्याच, आठवड्यात गाडी बिघडली की काय! तिसऱ्या वेळी ४४१ ला २४.०, म्हणजे १८.४.

गाडीला काही झाले नव्हते. पहिल्या वेळी नोझल लवकर बंद पडले, टाकी एखादा लिटर कमी भरली. तो राहिलेला लिटर पुढच्या वेळी आत गेला आणि दुसऱ्या भरण्याच्या खात्यावर पडला. पंप वेगळा, गाडी थोड्या उतारावर उभी, पेट्रोलचा वेग जास्त, एवढ्यानेही असे होते. म्हणून एका टाकीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. चोवीस लिटरमध्ये एक लिटरची चूक म्हणजे चार टक्के. पण सगळे एकत्र केले, तर मधल्या चुका आपोआप फिटतात. एका वेळी कमी पडलेले पुढच्या वेळी भरून निघते. चूक उरते ती फक्त अगदी पहिल्या आणि अगदी शेवटच्या भरण्याची. आमचे एकूण १३०५ किलोमीटर, ७२.५ लिटर, म्हणजे बरोबर १८.०. इथे एक लिटर इकडेतिकडे झाला तरी फरक दीड टक्क्याच्या आत राहतो.

"अजून थोडं टाका" म्हणून नोझल बंद पडल्यावर गळ्यापर्यंत भरू नये. पेट्रोल उष्णतेने फुगते. शिवाय टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डबीत ते शिरले, तर ती डबी खराब होते. पहिल्यांदा खट्‌ झाले की थांबायचे. दर वेळी तसेच, शक्यतो त्याच पंपावर आणि त्याच नोझलला.

स्क्रीन मात्र पेट्रोल मोजतच नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले, ते गाडीचा संगणक मोजतो आणि एवढ्या वेळात इतके पेट्रोल गेले असणार, असा हिशेब लावतो. हा अंदाज बहुधा गाडीच्या बाजूने झुकलेला असतो, म्हणजे आकडा थोडा चढाच दिसतो. आमच्या बाबतीत नऊ टक्के. त्या १३०५ किलोमीटरला १९.६ ने भागले तर ६६.६ लिटर येतात, पंपावर गेले ७२.५. फरक ५.९ लिटर. १०४ रुपये भावाने सुमारे ६१४ रुपये. त्यातला आपांचा स्वतःचा चौथा हिस्सा सोडला, तर आम्हा तिघींचे ४६० रुपये त्या एका महिन्यात त्यांच्या पर्समधून गेले होते.

तरी स्क्रीन टाकाऊ नाही. एकाच गाडीत तिची चूक फारशी बदलत नाही, म्हणून कालच्यापेक्षा आज कसे, घाटाने जास्त लागते की सरळ रस्त्याने, हे ती पटकन सांगते. आम्ही आता तिच्या आकड्याला ०.९२ ने गुणतो. काही महिन्यांनी तीन-चार टाक्यांवर हा गुणक पुन्हा तपासू.

एक चूक मात्र दोन्ही पद्धतींना सापडत नाही. दोघी किलोमीटर घेतात ते चाकाच्या फेऱ्यांवरून. टायर झिजून पाचसहा मिलिमीटर कमी झाला की चाक लहान होते, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेऱ्या मारते आणि मीटर दोनेक टक्के जास्त अंतर दाखवतो. हायवेवरचे किलोमीटरचे दगड धरून चाळीस-पन्नास किलोमीटर मोजले की कळते. आपांचे टायर जुने आहेत, ते मोजायचे अजून राहिले आहे.

४६० रुपये आम्ही पाकिटात घालून दिले. आपा घेत नव्हत्या, तेव्हा वहीच पुढे केली.