मार्जिन म्हणजे इसार नव्हे

भालकीच्या अडतीवर शेअर बाजाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "मार्जिन म्हणजे इसारच की! लई झालं तर इसार बुडंल."

इथेच चूक आहे. इसार सोडला की माणूस सौद्यातून मोकळा होतो. फ्यूचर्समध्ये सौदा पूर्ण किमतीचा झालेला असतो आणि मार्जिन हे त्याचं नुसतं तारण. तोटा पूर्ण किमतीवर मोजतात.

3 जून 2024 ला निफ्टी 23,263 वर बंद झाला. समजा, एकाने 75 हजारांच्या खात्यावर 25 चा एक लॉट घेतला. सोपं जावं म्हणून निर्देशांकाचेच आकडे धरू. सौदा 5 लाख 81 हजारांचा, मार्जिन बारा टक्क्यांच्या हिशेबाने साधारण 70 हजार. मोकळे उरले 5 हजार, म्हणजे फक्त 200 अंकांची उसंत. निफ्टी एक टक्काही न पडता मार्जिन कमी पडायला लागतं. खातं शून्यावर यायच्या कितीतरी आधी सौदा कापला जातो, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्या दिवशी निवडणुकीचा निकाल लागला. निफ्टी 21,281 पर्यंत कोसळला. त्या तळाशी तोटा 49,500 च्या घरात, खात्यात 25 हजार आणि मार्जिन हवं 64 हजारांच्या आसपास. "ब्रोकरचा फोन येईल, मग पैसे भरू" असं म्हणणाऱ्यांनी करारपत्र वाचलेलं नसतं. अशा वेळी न विचारता सौदा कापायचा अधिकार ब्रोकरला असतो, आणि तो वापरला जातो.

7 जूनला निफ्टी 23,290 वर बंद झाला. अंदाज चुकला नव्हता, पण तोवर सौदा हातात उरला नव्हता.

आणि स्टॉपलॉस? बाजार चालू असेल तर तो तोटा आवरतो, हे मान्य. पण 20 एप्रिल 2020 ला लॉकडाऊनमुळे एमसीएक्सवर कच्च्या तेलाचे व्यवहार संध्याकाळी पाचला थांबले, आणि रात्री न्यूयॉर्कला भाव शून्याखाली गेला. इथली अंतिम किंमत ठरली पिंपामागे उणे 2,884 रुपये. लॉट 100 पिंपांचा. ज्याने शून्य भावाने घेतलं असतं, त्यालाही वरून 2 लाख 88 हजार भरावे लागले असते. बंद बाजारात कसला स्टॉपलॉस!

मग लॉट किती घ्यावा? मार्जिनकडे न बघता, मोठ्या पडझडीनंतर हाती काय उरेल ते आधी मोजावं. त्याच एका लॉटमागे दीड लाख ठेवले असते, तर तळाशीही लाखभर उरले असते. मार्जिन दीडपट झालं तरी भागलं असतं. "पण मग 7 जूनला कमाई किती?" साधारण साडेसहाशे रुपये, त्यातूनही दलाली वजा. हा आकडा ऐकून अडतीवर हसतील, मला ठाऊक आहे.