महात्रिकोण आणि टी-स्क्वेअर : एकाच कुंडलीतील दोन आकृती

जन्मपत्रिका पाहताना बहुधा कोणता ग्रह कोणत्या राशीत आहे, एवढेच विचारले जाते. पाश्चात्त्य ज्योतिषात त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो : ग्रहांमधील अंतरांतून कोणती आकृती तयार होते? अशा आकृत्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. तीन ग्रह एकमेकांपासून सुमारे १२० अंशांवर असले, तर परस्परांत नवपंचम योग करणारा एक मोठा त्रिकोण होतो. तोच ग्रँड ट्राइन किंवा महात्रिकोण होय. दोन ग्रह समोरासमोर, म्हणजे १८० अंशांच्या प्रतियोगात असून तिसरा ग्रह त्या दोघांशी ९० अंशांचा केंद्रयोग करीत असला, तर टी-स्क्वेअर होतो. या तिसऱ्या ग्रहास शिखरग्रह म्हणतात. दोन बाजूंची ओढाताण त्याच्यावर येऊन पडते, असे मानले जाते.

महात्रिकोण स्वाभाविक गुण दाखवतो आणि टी-स्क्वेअर अंतर्गत ताण, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून पत्रिकेत पहिला सापडला की घरात आनंद होतो आणि दुसरा सापडला की चिंता वाटू लागते. हा हर्ष आणि ही चिंता कितपत सार्थ आहे, हे तपासण्यासाठी ज्या कुंडलीत दोन्ही आकृत्या दिसतात अशी एखादी कुंडली घेणे बरे. महात्मा गांधींची कुंडली तशी आहे.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. सायन पद्धतीने त्या दिवशी सकाळची स्थिती स्थूलमानाने अशी होती : चंद्र सिंहेत २० अंशांवर, गुरू वृषभेत २० अंशांवर, शुक्र वृश्चिकेत १६ आणि मंगळ १८ अंशांवर, शनी धनूत १२ अंशांवर आणि नेपच्यून मेषेत १८ अंशांवर. मेषेच्या आरंभापासून मोजले तर गुरू ५०, चंद्र १४०, शुक्र २२६ आणि मंगळ २२८ अंशांवर येतो. गुरू आणि मंगळ यांच्यातील अंतर १७८ अंश, गुरू आणि शुक्र यांच्यातील १७६. हा प्रतियोग झाला. चंद्र गुरूपासून नेमका ९०, मंगळापासून ८८ आणि शुक्रापासून ८६ अंशांवर आहे. योग मानताना जितक्या अंशांची सवलत दिली जाते, तिला दीप्तांश म्हणतात. ती साधारणतः सहा ते आठ अंश असते. येथे सर्वांत मोठी तफावत चारच अंशांची आहे. टी-स्क्वेअर नि:संशय आहे आणि त्याच्या शिखरावर मनाचा कारक चंद्र आहे.

आता दुसरी आकृती पाहू. चंद्र १४०, शनी २५२ आणि नेपच्यून १८ अंशांवर. चंद्र-नेपच्यून अंतर १२२, नेपच्यून-शनी १२६, परंतु चंद्र-शनी ११२. शेवटची बाजू आठ अंशांनी कमी पडते, म्हणजे सवलतीच्या अगदी काठावर उभी आहे. शिवाय गांधीजींच्या जन्मवेळेविषयी ज्योतिष्यांत मतभेद आहेत आणि चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. जन्म चार तासांनी उशिरा धरला, तर चंद्र १४२ अंशांवर जातो, चंद्र-शनी अंतर ११० होते आणि त्रिकोण सवलतीबाहेर पडतो. टी-स्क्वेअर मात्र तरीही सहा अंशांच्या आत टिकतो. परंपरागत पत्रिकेत नेपच्यूनला स्थान नाही. तो वगळला तर त्रिकोण राहतच नाही.

आकृती खरी की केवळ कागदावरची, हे ओळखण्याची रीत हीच. तिन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्यात, सर्वांत दुबळी बाजू शोधावी आणि जन्मवेळ थोडी पुढे-मागे करून ती टिकते का, ते पाहावे. राशींच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. आपल्याकडील पत्रिका निरयन असतात. निरयन मानाने त्या वर्षी सर्व ग्रह सुमारे २२ अंश मागे येत असत. परस्पर अंतरे त्यामुळे बदलत नाहीत, राशी मात्र बदलतात. सायनात अग्नितत्त्वाचा ठरणारा हा त्रिकोण निरयनात जलतत्त्वाचा होतो आणि सिंह, वृषभ, वृश्चिक या स्थिर राशींतील टी-स्क्वेअर कर्क, मेष, तूळ या चर राशींत जातो. आकृती एका पद्धतीने मोजून तिचे तत्त्वफल दुसऱ्या पद्धतीने सांगणे हा दोष अनेक फलादेशांत आढळतो.

या दोन आकृत्या चरित्राशेजारी ठेवून पाहता येतात. शनी म्हणजे संयम, नेपच्यून म्हणजे अध्यात्माची ओढ आणि चंद्र म्हणजे माता, असा ज्योतिषाचा संकेत आहे. पुतळीबाईंची कठोर चातुर्मास-व्रते गांधीजींनी बालपणापासून पाहिली होती. १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा दिली. व्रत घेण्याची आणि पाळण्याची ही वृत्ती त्यांना घरातूनच मिळाली होती, वडिलोपार्जित पेढीसारखी. महात्रिकोणाचे वर्णन असेच करतात. तो अनायास मिळतो आणि म्हणूनच वापरल्यावाचून पडूनही राहू शकतो.

शुक्र-मंगळ आणि गुरू यांचा प्रतियोग म्हणजे कामना आणि धर्मबुद्धी समोरासमोर. हा संघर्ष त्यांनी आत्मकथेत लपवलेला नाही. १८८५ साली वडिलांच्या अंतकाळी आपण त्यांच्याजवळ नव्हतो, पत्नीच्या खोलीत होतो, ही टोचणी त्यांना आयुष्यभर राहिली. चंद्राच्या शिखरावरील ताण दुसऱ्या रूपानेही दिसला. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले असता त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ते खाली बसले आणि तीस रुपयांची फी त्यांनी परत केली.

१८९१ साली मुंबईत त्यांची श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. हिऱ्या-मोत्यांचा व्यापार सांभाळत आत्मचिंतनात रमणाऱ्या या जैन गृहस्थाच्या प्रभावाचा मोठा वाटा आपल्या ब्रह्मचर्याच्या विचारात आहे, असे गांधीजींनी लिहिले आहे. तरी ब्रह्मचर्याचे व्रत त्यांनी घेतले ते १९०६ साली, पहिल्या भेटीनंतर पंधरा वर्षांनी. ओढाताण असलेला मनुष्य तत्काळ सुटत नाही, पण स्वस्थही बसत नाही. टी-स्क्वेअरमध्ये शिखरग्रहासमोरील जागा रिकामी असते आणि ताणाची वाट तिकडून निघते, असे ज्योतिषी सांगतात. येथे ती जागा सायन कुंभेत, म्हणजे समाज आणि समता यांच्या राशीत पडते. १९०४ चे फिनिक्स, १९१० चे टॉलस्टॉय फार्म आणि १९१५ चा कोचरब आश्रम ही सामूहिक जीवनाची ठिकाणे त्या रिकाम्या जागेशी जुळवून दाखवता येतात.

मात्र अशी जुळणी चरित्र ठाऊक असल्यावरच सोपी जाते. त्या सकाळी जगात जन्मलेल्या प्रत्येक बालकाच्या पत्रिकेत हाच टी-स्क्वेअर होता आणि त्यांतील एकाच्याच हातून हे जीवन घडले. जैन विचारातील उपादान आणि निमित्त हा भेद येथे उपयोगी पडतो. ग्रहस्थिती फार तर निमित्त. उपादान जीवाचे स्वतःचे. मुलाच्या पत्रिकेत टी-स्क्वेअर दिसला म्हणून घाबरलेल्या पालकांनी आधी अंतरे मोजून घ्यावीत आणि मग त्या पंधरा वर्षांचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. पंधरा वर्षे चाललेला प्रयत्न कोणत्याही कुंडलीत लिहिलेला नसतो.