समजून घ्या : पगार पूर्ण, तरीही ‘शोषण’ कसं?

पगार वेळेवर, ओव्हरटाइमही कायद्याप्रमाणे दुप्पट दराने. मग शोषण कुठे आहे? कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये ‘कॅपिटल’ या ग्रंथात मांडलेला ‘वरकड मूल्या’चा हिशेब नेमका इथून सुरू होतो.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात एक कामगार आठ तासांत २०० सुटे भाग बनवतो. एक भाग ५० रुपयांना विकला जातो. त्यातले ४० रुपये पोलाद, वीज आणि यंत्राच्या झिजेचे. उरलेले १० रुपये ही त्याच्या श्रमाने पडलेली भर, म्हणजे पाळीला २००० रुपये. त्याचा रोज ७५० रुपये. एवढी भर तो पहिल्या तीन तासांतच घालतो. पुढच्या पाच तासांचे १२५० रुपये म्हणजे वरकड मूल्य. (हा सगळा मालकाचा निव्वळ नफा नव्हे, बँकेचं व्याज आणि जागेचं भाडंही यातूनच जातं.)

यात फसवणूक नाही. मालक दिवसभराची श्रमशक्ती बाजारभावाने विकत घेतो. पण ती त्या भावापेक्षा जास्त मूल्य निर्माण करते. मार्क्स शोषण म्हणतो ते या फरकाला. भांडवल आणि जोखीम मालकाची, मग मोबदला नको का, हा टीकाकारांचा आक्षेप जुनाच आहे.

आता लाइनचा वेग वाढवून २४० भाग काढले आणि रोज तोच ठेवला, तर? पाळी आठच तासांची राहते, पण कामगाराचा वाटा तीनवरून अडीच तासांवर येतो. पगाराच्या स्लिपवर मात्र काहीच बदललेलं दिसत नाही.