खुली जागा सुटते तेव्हा आपली वेटिंग लिस्टही हलली पाहिजे

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत प्रवेशाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : "एससीच्या वेटिंगमध्ये माझा दुसरा नंबर आहे, लागेल का?" मी उलट विचारतो की खुल्या प्रवर्गातल्या किती जागा सुटल्या? बहुतेकांना या प्रश्नाचा संबंधच कळत नाही. आपली यादी वेगळी, खुल्यांची यादी वेगळी, दोन्हींच्या मध्ये भिंत आहे असंच त्यांना वाटतं. अशी भिंत कायद्यात कुठेही नाही. पण ती आहे असं धरून काम करणारे विभाग आहेत आणि त्यामुळे दरवर्षी आपली काही मुलं दारातून परत जातात.

केंद्रीय विद्यापीठातल्या चाळीस जागांच्या एका एम.ए. अभ्यासक्रमाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण टक्केवारी खरी आहे. २००६ च्या केंद्रीय शिक्षणसंस्था प्रवेश आरक्षण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींना १५ टक्के म्हणजे ६ जागा, जमातींना साडेसात टक्के म्हणजे ३ आणि ओबीसींना २७ टक्के म्हणजे ११. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाच्या १० टक्क्यांच्या ४. उरल्या १६. या सोळा जागा सवर्णांच्या नाहीत. त्या गुणवत्ता यादीतल्या पहिल्या सोळा जणांच्या आहेत, मग त्यांची जात कोणतीही असो. खुला प्रवर्ग हा कुणा एका समूहाचा कोटा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव प्रकरणात २०२० साली पुन्हा एकदा स्वच्छ सांगितलं आहे.

आता समजा, सर्वसाधारण गुणवत्ता यादीत बाराव्या क्रमांकावर एक एससी विद्यार्थी आहे. तो खुल्या जागेवर बसतो. सतराव्या क्रमांकावर एक एससी विद्यार्थिनी आहे. सोळात ती बसली नाही म्हणून तिला एससीची पहिली जागा मिळते. तिच्यामागचे पाच जण धरून सहा जागा भरल्या. त्यानंतरचे दोघे एससीच्या वेटिंगमध्ये पहिले आणि दुसरे. मला विचारणारी मुलगी ही दुसरी.

दुसऱ्या फेरीपर्यंत खुल्या जागांवरचे दोन विद्यार्थी दुसरीकडे गेले आणि एससीच्या सहांपैकी एक जण गेला. खुल्या दोन जागा आता गुणवत्ता यादीतल्या सतराव्या आणि अठराव्या क्रमांकाला जायला हव्यात. सतरावी आपलीच विद्यार्थिनी. ती खुल्या जागेवर सरकली की तिची एससीची जागा मोकळी होते आणि वेटिंगमधला पहिला आत येतो. जो एक जण सोडून गेला, त्याच्या जागी दुसरी येते. म्हणजे आपल्या मुलीला प्रवेश मिळाला.

तेच विभागाच्या कारकुनाने "खुल्या जागा खुल्यांच्या वेटिंगमधून" असं म्हणत अठरावा आणि एकोणिसावा घेतला, तर एससीची यादी एकानेच सरकते आणि ही मुलगी बाहेर राहते. त्याहून वाईट म्हणजे बाराव्या क्रमांकाच्या मुलालाच सुरुवातीला एससीच्या सहात मोजणं. मग सगळी यादी एकेक पायरी खाली घसरते आणि आपली मुलगी दुसरीऐवजी तिसरी होते. कागदावर सहाच्या सहा जागा भरलेल्या दिसतात, आरक्षण पूर्ण झालेलं दिसतं. चोरी दिसत नाही, कारण ती खुल्या रकान्यात झालेली असते.

आयआयटी-एनआयटीच्या जोसा प्रक्रियेत ही मोजणी संगणक करतो. प्रत्येक फेरीला सगळं वाटप नव्याने होतं, त्यामुळे वर सरकणं आपोआप घडतं. धोका आहे तो विभाग स्वतः हाताने यादी चालवतो तिथे. एक मर्यादाही लक्षात ठेवावी : पात्रतेच्या गुणांत सवलत घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला खुल्या जागेसाठी धरायचं नाही, असा नियम अनेक माहितीपुस्तिकांत असतो. म्हणून तक्रार करण्याआधी त्या सतराव्या विद्यार्थिनीने सवलत घेतली होती का, हे पाहावं लागतं.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक फेरीची यादी लागली की लगेच उतरवून ठेवायची, कारण नवी लागली की जुनी संकेतस्थळावरून नाहीशी होते. मग खुल्या प्रवर्गातल्या शेवटच्या प्रवेशाचे गुण आणि एससी, एसटी, ओबीसीच्या प्रत्येक यादीतल्या पहिल्या प्रवेशाचे गुण शेजारी ठेवायचे. आरक्षित यादीतल्या पहिल्याचे गुण खुल्यातल्या शेवटच्यापेक्षा जास्त असतील, तर विचारायला जागा आहे. विचारणा त्याच दिवशी ईमेलने करायची, विभागप्रमुखाला आणि विद्यापीठाच्या एससी-एसटी कक्षाच्या संपर्क अधिकाऱ्याला एकत्र. फोनवरच्या उत्तराला पुरावा नसतो. आपले बरेच कार्यकर्ते अशा वेळी माहिती अधिकाराचा अर्ज टाकायला सांगतात. तो जरूर टाकावा, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि प्रवेशाची फेरी चार-पाच दिवसांची. त्या अर्जाचा उपयोग बहुधा पुढच्या वर्षीच्या मुलांना होतो.

आता विद्यार्थ्याच्या हातातलं. सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे "मला हे कॉलेज नको, वरच्याची वाट पाहतो" म्हणून मिळालेली जागा न स्वीकारणं. दिल्ली विद्यापीठाच्या किंवा जोसाच्या प्रक्रियेत असं वाट पाहणं नसतं. मुदतीत जागा स्वीकारली नाही की तुम्ही त्या फेऱ्यांतूनच बाहेर. वाट पाहायची ती जागा स्वीकारून, पैसे भरून आणि मग वरच्या पसंतीचा पर्याय उघडा ठेवून. दिल्लीत त्याला अपग्रेड म्हणतात. जोसात फ्लोट म्हणजे कोणत्याही संस्थेतली वरची पसंती चालेल, स्लाइड म्हणजे त्याच संस्थेतली वरची शाखा चालेल, आणि फ्रीझ म्हणजे मला हीच हवी, पुढे काही नको. वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते, परत मिळत नाही. म्हणून पसंतीक्रम भरताना खरोखर जावंसं वाटतं तेच वर लिहायचं. अपग्रेड घेऊन नंतर "आधीचंच बरं होतं" म्हणून रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

आणि पैसे. वेटिंग लिस्ट सरकते ती अनेकदा संध्याकाळी, आणि शुल्काची मुदत एक-दोन दिवसांवर असते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली. १७,५०० रुपये भरायचे होते, मुदत २४ जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत. घरच्यांनी गावातून पैसे गोळा केले आणि काही मिनिटांच्या फरकाने भरणा राहिला. तो दलित मुलगा ठिकठिकाणी दाद मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० सप्टेंबरला न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून, इतर कुणाचा प्रवेश न हलवता त्याला जागा द्यायला लावली. निकाल चांगलाच आहे. पण सतरा हजारांसाठी तीन महिने आणि देशातलं सर्वोच्च न्यायालय, हे किती जणांना परवडणार? शिष्यवृत्ती नंतर येते, शुल्क आधी मागतात. त्यामुळे वेटिंगमध्ये पहिल्या पाच-दहात नंबर असेल तर रक्कम नंबर लागण्याआधीच खात्यात हवी. ज्या खात्यातून भरायची त्याची ऑनलाइन व्यवहाराची मर्यादाही आधी बँकेत जाऊन तपासावी. मुदतीच्या शेवटच्या तासात भरणा अडकलाच, तर पडद्याचं छायाचित्र वेळेसह काढून लगेच ईमेल करायचा. पुढे कुठेही दाद मागायची तर तोच कागद कामी येतो.

दरम्यान दुसरीकडे प्रवेश घेऊन ठेवायला घाबरू नये. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला संस्थांना मनाई आहे आणि प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत करण्याच्या मुदती यूजीसीने ठरवून दिलेल्या आहेत. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण शुल्क परत, असा आदेश होता. मात्र दरवर्षीचं परिपत्रक वेगळं असतं, ते वाचूनच पैसे भरावेत. "कागद दिले तर अडकलो" या भीतीने हातातली जागा सोडणारी मुलं बहुतेक घरात पहिल्यांदा शिकणारी असतात.

महाराष्ट्रातून बाहेर अर्ज करणाऱ्यांसाठी दाखल्यांचं प्रकरण वेगळं. वाट पाहण्याचा काळ खरा यासाठीच वापरायचा. विमुक्त-भटक्यांचे राज्यातले प्रवर्ग केंद्रात नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल, तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र लागतं, तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं. जात राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. बौद्ध विद्यार्थ्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचे हक्क आहेतच, पण दाखल्यावर नुसतं "नवबौद्ध" असेल आणि मूळ जातीचं नाव नसेल, तर परराज्यातल्या पडताळणीच्या टेबलावर तो अडकू शकतो. केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवावा. नंबर लागल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहिलं तर पडताळणीची मुदत निघून जाते आणि जागा वेटिंगमधल्या पुढच्याला मिळते.

उशिराच्या फेरीत आत आलेल्यांच्या वाट्याला आणखी एक वेटिंग येतं. ऐच्छिक विषयांचे वर्ग तोवर भरलेले असतात. पहिल्या फेरीतल्यांनी हवे ते विषय घेतलेले, उरलेले यांच्या माथी. इथे यादी क्वचितच लागते, पण विषय बदलण्याची मुदत असते आणि त्या दिवसांत काही जण वर्ग सोडतात. हव्या त्या वर्गात पहिल्या दिवसापासून जाऊन बसावं, शिकवणाऱ्याला आणि महाविद्यालयातल्या समन्वयकाला लेखी कळवावं, आणि मुदत संपायच्या दिवशी सकाळी जागा पुन्हा तपासावी.

विद्यापीठांकडे माझी मागणी एकच आहे आणि तिला एक रुपयाही खर्च नाही. प्रत्येक फेरीनंतर एकच यादी लावा : गुणवत्ता क्रमांक, गुण, विद्यार्थ्याचा प्रवर्ग, आणि त्याला मिळालेली जागा कोणत्या प्रवर्गाची. शेवटचे दोन रकाने शेजारी असले की सतराव्या क्रमांकाची मुलगी एससीच्या जागेवर का बसली आहे, हे कुणालाही दिसेल. अनेक विभाग आज नेमका चौथा रकाना गाळतात.